पाडव्याची तेजी कोणाला मिळाली?

काल कट्ट्यावर मक्याने परत तेच काढलं. म्हणे मार्केट खूप वर गेलंय, सगळं काढून ठेवतो, पडलं की खालून उचलतो, त्यात काय एवढं. संदीप म्हणाला बरं, मग 2020 ला कुठल्या दिवशी घेतलं असतंस तेवढं सांग.

आता ते दिवस खरंच आठवून बघा. 23 मार्चला सोमवारी निफ्टी एका दिवसात 13 टक्के पडून 7610 ला बंद झाला. दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता मोदींनी टीव्हीवर 21 दिवसांचं लॉकडाऊन जाहीर केलं आणि लोक रात्रीच किराण्याच्या दुकानासमोर रांगा लावून उभे राहिले. त्याच्या दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा, आणि निफ्टी 6.6 टक्के वर! मग 7 एप्रिलला आणखी पावणेनऊ टक्के. मी मक्याला म्हटलं, त्या रात्री तुझ्या डोक्यात "उद्या सकाळी शेअर घेऊ" हा विचार आला असता का रे? तो गप्प बसला, पण थोडाच वेळ.

संदीपने मोबाईलवर हिशोब मांडला. सोमवारच्या बंद भावाला 10 लाख निफ्टीत होते आणि हात लावला नाही, तर 31 डिसेंबरला निफ्टी 13,982 होता, म्हणजे साधारण 18 लाख 37 हजार झाले (डिव्हिडंड धरला नाही). फक्त ते दोन दिवस बाहेर राहिलास आणि बाकी सगळे दिवस आत, तरी 15 लाख 84 हजार. दोन दिवसांत अडीच लाख गेले. आणि ते नंतर भरून निघत नाही बरं का, कारण पुढची सगळी वाढ त्या कमी रकमेवर होते, पुढे पैसे दुप्पट झाले की ही तफावत पण दुप्पट, पाच लाख. लोकांना वाटतं दोन दिवस म्हणजे दोनच दिवसांचं नुकसान, इथेच गफलत होते.

मक्या पण काही कच्चा नाही. तो म्हणाला हे चार्ट सगळे एकतर्फी असतात, चांगले दिवस चुकले तर काय होतं तेवढंच दाखवतात, वाईट दिवस चुकवले तर रिटर्न किती वाढतात ते का नाही दाखवत? आणि फेब्रुवारीत 12 हजाराला निघालेला माणूस नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत कधीही परत आला असता तरी फायद्यात होता. मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे, मला मान्य आहे. पण भानगड अशी की चांगले आणि वाईट दिवस शेजारीशेजारीच येतात. 13 टक्क्यांची पडझड सोमवारी आणि पाडव्याची तेजी बुधवारी, मध्ये फक्त मंगळवार. त्यात म्युच्युअल फंड त्या सोमवारी विकला असता तर पैसे खात्यात यायलाच तीनेक कामाचे दिवस, म्हणजे बुधवार हातातून गेलाच. आणि जो फेब्रुवारीत घाबरून निघाला तो मार्चअखेर कशाच्या जोरावर परत येणार, तेव्हा तर बातम्या फेब्रुवारीपेक्षा वाईट होत्या. निघायचं एकदा बरोबर जमलं तरी परत शिरायचं दुसऱ्यांदा जमावं लागतं.

मक्या म्हणाला मी चित्र क्लिअर झाल्यावर घेईन. यावर नाना बोलले, ते इतका वेळ नुसते ऐकत होते. म्हणाले 2009 बघ. निकाल शनिवारी 16 मे ला लागला, चित्र अगदी क्लिअर, यूपीए परत आली, डाव्यांच्या टेकूची गरज नाही. सोमवारी मार्केट उघडलं आणि लगेच अप्पर सर्किट, दोन तास ट्रेडिंग बंद, परत उघडलं, परत सर्किट, दिवस संपला. सेन्सेक्स 17 टक्के वर आणि घ्यायला वेळच नाही. आत होते त्यांनाच मिळालं. आणि 2004 ला त्याच यूपीएचं सरकार डाव्यांच्या पाठिंब्यावर येणार म्हटल्यावर 17 मे ला सेन्सेक्स 11 टक्के पडला होता. मग निकाल आधी कळला असता तरी काय उपयोग, मार्केट त्याचा अर्थ कसा लावेल ते थोडीच कळणार होतं?

तरी नुसतं बसून राहिलं की झालं असंही नाही हं. जपानचा निक्केई 1989 अखेर जिथे होता तिथे परत यायला 2024 उजाडलं. आणि हे सगळं इंडेक्सबद्दल चाललंय, एखाद्या बुडीत शेअरला वीस वर्षं धरून बसलात तर काहीच होणार नाही.

मक्याला दोन वर्षांनी फ्लॅटचं डाऊन पेमेंट भरायचंय, ते शेवटी बाहेर आलं. नाना म्हणाले अरे मग तेवढे आजच काढ आणि एफडीत टाक, मार्केट वर असो नाहीतर खाली, ते पैसे तिथे नकोतच. बाकीच्या एसआयपीला हात लावू नको. मक्या म्हणाला डाऊन पेमेंटचे काढतो, एसआयपीचं बघू.