गॅदरिंगची पत्रिका आली एकदाची!

दरवर्षी तेच. पत्रिकेत दीपप्रज्वलन, स्वागतगीत, अहवालवाचन, प्रमुख पाहुण्यांचं मनोगत सगळं ओळीने छापलंय. त्याखाली फक्त 'विविध गुणदर्शन'. अहो, दुसरी ब चा कोळी डान्स नक्की किती वाजता? मुलांना अडीचला मेकअपसाठी सोडायचं, पालकांनी पावणेपाचला जागेवर बसायचं, आणि पोराचा नंबर लागणार साडेआठला. नाचांचा क्रम बॅकस्टेजच्या दारावर चिकटवलेला असतोच की, तोच छापा ना!

'प्रथम येणाऱ्यास प्राधान्य' म्हणे. पुढचे सोफे ट्रस्टींचे, मागच्या दोन रांगांवर कुणाच्या तरी ओढण्या आणि पाण्याच्या बाटल्या आधीच बसलेल्या. त्यात मुलाचा नाच झाला की आयकार्ड दाखवून त्याला वर्गातून घ्यायला जायचं. परत येईपर्यंत खुर्ची गेलेली.

पार्किंगबद्दल एकच ओळ: 'वाहने शाळेच्या आवारात आणू नयेत.' मग कुठे न्यायची, ते कोण सांगणार? शेजारच्या सोसायटीचा वॉचमन शिट्टी फुंकत उभाच असतो. आणि आवारात बघावं तर पाहुण्यांच्या गाड्या ऐसपैस!