शंभर येनचा घोळ

आमच्या वाळूजच्या मामांचं छोटं वर्कशॉप आहे, आणि त्यांच्या जपानी मशीनचा एक सेन्सर गेला की माझ्या डोक्याला ताप सुरू होतो, कारण कॉमर्स शिकलेला घरात मी एकटाच. परवा कोटेशन आलं 48,000 येनचं. मामांनी मोबाईलवर रेट बघितला, समजा 58.40, केला गुणाकार आणि फोनवरच ओरडले, "अरे अठ्ठावीस लाख! कामून? एवढ्यात तर नवं मशीन येतंय की!"

तर मामा, तो 58.40 एका येनचा रेट नाहीच, शंभर येनचा आहे. डॉलर, पौंड, युरो यांचा रेट आपल्याकडे एका नगाला देतात, येनचा मात्र रिझर्व्ह बँकेच्या वेबसाईटवरच्या रेफरन्स रेटमधेही शंभराला. कस्टमच्या यादीतही येन आणि कोरियन वॉन दोघांचा रेट शंभरालाच. असं का, तर एक येन म्हणजे रुपयापेक्षा कमी, मग 0.5840 असं लिहावं लागतं, आणि कुणी कंटाळून 0.58 केलं की 48,000 वर सरळ 192 रुपये उडतात.

आधी 58.40 ला शंभरानं भागा, 0.5840 आलं, मग 48,000 नं गुणा, 28,032 रुपये. एवढंच. आणि उत्तर बघून कळतंच की, एक येन रुपयाहून स्वस्त असेल तर रुपयाचा आकडा येनच्या आकड्यापेक्षा लहान यायला पाहिजे, मोठा आला की समजायचं शंभर कुठंतरी गिळले. तरी शंका असेल तर डॉलरकडून या: दीडशे येनला डॉलर धरला तर हे झाले 320 डॉलर, डॉलर 87-88 रुपयांना धरला, म्हणजे अठ्ठावीस हजाराच्या आसपास.

मामा खूश. पण मामांचा पोरगा माझ्याहून हुशार ना, त्यानं एक्सेल बनवलं, रेट घेतला दुसऱ्या वेबसाईटवरून, जिथं आधीच एका येनचा 0.5840 होता, आणि मी सांगितलंय म्हणून परत शंभरानं भागलं. सेन्सर 280 रुपयाला! मामा म्हणले, "दहा मागव, पडून राहतील."

ही उलटी चूक जास्त बेकार, कारण स्वस्त दिसलं की कुणी तपासतच नाही. मी त्या शीटमधे रेटच्या कॉलमवर 'रुपये, 100 येनला' असं लिहून टाकलं आणि भागाकार एकाच सेलमधे ठेवला, बाकी सगळ्यांना हात लावायची बंदी.

आता बँकेत पैसे पाठवायचे होते, तिथला विक्रीचा रेट आणखी थोडा चढा असतो, म्हणून मामांना म्हणलं काउंटरवर आधी विचारा, हा रेट किती येनला. त्यांनी विचारलं. क्लार्क म्हणाला शंभराला. मामा म्हणाले, "मग मला एकाच येनचा सांगा, आमचं पोरगं भागतंय फार."