कावीय झाली का वं तुले?

चुलतबहिणीच्या साक्षगंधाच्या मांडवात पाय ठेवायचा अवकाश, शेवंतामावशीनं मला हटकलं. "कावीय झाली का वं तुले?"

थोडक्यात सांगायचं तर टायफॉइडमधून नुकतीच उठले होते. चेहरा पिठासारखा पांढरा, डोळ्यांखाली काळं. घरच्यांनी तालुक्याहून पार्लरवाली बोलावली, आणि तिनं दीड हजार रुपये घेऊन मला हे रूप दिलं.

"नाही हो मावशी, मेकअप आहे."

"मेकअप? असा?" मावशीनं पानाची पुडी कमरेला खोचली, माझी हनुवटी धरून मला उजेडाकडे वळवलं, अंगठ्यानं खालची पापणी ओढली आणि बुबुळाच्या बाजूचं पांढरं नीट निरखलं. मग नखं दाबून पाहिली. मांडवातले निम्मे लोक एव्हाना आमच्याकडेच पाहत होते. "डोये तं पांढरे हायेत. नखंबी बरी. मंग तोंडच काहून पिवयं?" मग गालावर बोट फिरवून तिनं ते बोट हुंगलं. "अन् हे इथं मातेरं काहून? चुलीपाशी गेलती का?" मागून कोणीतरी उसाचा रस सुचवला. कोणीतरी झाडपाल्याचं औषध देणाऱ्या वैद्याचं गाव सांगितलं, तिथं जायला बस किती वाजता सुटते तेही सांगितलं. पाहुणे मंडळींत एक खरा डॉक्टर होता, तो मात्र ढिम्म, वांग्याच्या भाजीत गुंतलेला.

राग मावशीवर नाही. तिचं निदान चोख होतं: कावीळ डोळ्यांच्या पांढऱ्यात दिसते, माझी नुसती गालांवर होती. राग पार्लरवालीवर. आजारातून उठलेल्या तोंडाला तपकिरी रंग नको असतो, त्याला हवा असतो रक्ताचा तांबडेपणा, आणि तो ब्लश देतो. ब्राँझर म्हणजे ऊन लागल्याची झाक देणारा तपकिरी रंग, आणि तपकिरी म्हणजे शेवटी गडद नारंगीच. फिक्या कातडीवर तो लावला की नारंगी वर येतो, डोळ्यांखालच्या निळसर काळ्यावर ओढला की राखाडी चिखल होतो. बाईनं दोन्ही केलं. आधी फाउंडेशनवर पावडर थापली, मग तिच्यावर क्रीमची ब्राँझर कांडी घासली. पावडरीवर क्रीम एकसारखं बसत नाही, गोळे होतात. छटाही माझ्या रंगाहून कितीतरी गडद, शिवाय ती गालाच्या खळग्यात. तिथं ऊन पडतं का कधी? शेवटी त्याच ब्रशनं नारंगी ब्लश. आणि हे सगळं ट्यूबलाइटखाली! "उजेडात छान दिसते ताई," म्हणे. कुठल्या उजेडात, हे विचारायचं राहिलं.

मी पडवीत, दाराच्या उजेडात आरसा धरून बसले. ओल्या स्पंजनं गाल दाबून टिपले. घासलं असतं तर चिखल कानापर्यंत गेला असता. कडांवर स्पंजावरचं उरलंसुरलं फाउंडेशन थोपटलं. मग पीच रंगाचा क्रीम ब्लश, अगदी थेंबभर, अनामिकेनं गालाच्या उंच भागावर टेकवत नेला. नाकापासून दोन बोटं जागा सोडली, कारण नाकाजवळ लाली आली की सर्दी झाल्यासारखं दिसतं. एवढ्यानंच चेहऱ्यात जीव आला. तो दिसल्यावर वरून अगदी हलकी पावडर, आणि मग ब्राँझर, तोही माझ्या रंगाहून जेमतेम एक छटा गडद, पावडरीचाच, वहिनीच्या डबीतला. मोठा मऊ ब्रश डबीत टेकवून आधी हातावर झटकला, मग कपाळाच्या केसांलगत, गालाच्या हाडाच्या बाहेरच्या टोकावर आणि नाकाच्या दांड्यावर एक ओझरता हात. म्हणजे शेतात उभं राहिलं की ऊन जिथं लागतं तिथंच. मान आणि गाल शेजारी शेजारी पाहिले. मान वेगळ्या गावची वाटली नाही, तिथं थांबले. डोळ्यांखालचं काळं काही गेलं नाही. ते ब्राँझरचं कामच नव्हे, त्याला पीच रंगाचं करेक्टर लागतं, तेही फाउंडेशनच्या आधी.

मावशीनं परत तपासलं. "आता कशी मानसात आली!" मग थोडं थांबून, "पण अशक्त दिसतेस वं. खात नाही का?"

हे बायकांनाच ऐकावं लागतं. नवरदेवाचं तोंड उन्हानं करपून आलं होतं, त्याच्या पापण्या कोणी ओढल्या नाहीत. त्याला शेतकरी म्हणतात.

संध्याकाळी पार्लरवालीची फेसबुक पोस्ट पाहिली. माझाच फोटो, दुरुस्तीच्या आधीचा, खाली लिहिलेलं 'नॅचरल ग्लो'. आणि त्याखाली पहिला बदाम माझ्या वहिनीचा.