राळ्यात राळे

ठाण्यातल्या एका हौशी नाट्यमंडळाच्या शिबिरात उच्चारांवर बोलायला मला पंधरा मिनिटं दिली होती. तीही चहाच्या आधीची, म्हणजे निम्मी मंडळी किटलीकडे बघत असतानाची. म्हणून मी एकच अक्षर घेतलं: ळ.

निमित्त यमदूताचं होतं. प्रवेशाच्या टोकाला तो गर्जायचा, "चल, तुझी वेल आली!" मागून कुणीतरी म्हणालं, "मग कुंडीत लाव की!"

‘ल’ला जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकतं. ‘ळ’ला तेच टोक मागे वळून टाळूला लागतं आणि खाली येताना पुढे झटका मारतं. घाईत असलेली जीभ वळायचा कंटाळा करते आणि वेळेची वेल होते. मराठीत ‘ळ’ने शब्द सुरू होत नाही, त्यामुळे तयारीही आळा, ईळी, ऊळू अशी स्वर पुढे लावूनच करायची. आधी जबडा सैल सोडायचा, मग हनुवटीवर बोट ठेवायचं. प्रत्येक ‘ळ’ला बोट वरखाली झालं, की समजावं, जिभेचं काम जबडा करतोय. वीस माणसं हनुवटीला बोट लावून "आळा, ईळी" म्हणू लागली, तेव्हा हॉलचा वॉचमन दारात येऊन उभा राहिला.

मग जोड्या. काल-काळ, माल-माळ, मूल-मूळ. इथवर यमदूत झकास होता. खरी परीक्षा पुढे होती: "काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले."

सगळे ‘राळे’ला घाबरतात, पण तिथे जिभेला श्वास घ्यायला मधे स्वर मिळतो. घात होतो शेवटी. ‘मिसळले’ बोलताना ‘ळ’मधला अ गळून पडतो आणि टाळूवरच्या जिभेला एका उडीत दातांमागे यावं लागतं. ती उडी चुकली, की ऐकू येतं ‘मिसल्ले’. ठाण्यात, मामलेदार मिसळीच्या गावात, वीसजण मिसळ नीट म्हणू शकेनात, ही गोष्ट मला फार लागली.

उपाय साधा आहे. "मिसळ" म्हणून थांबायचं, मग "ले". हळूहळू मधली फट बुजवायची. वेग सगळ्यात शेवटी वाढवायचा आणि ‘ल्ले’ कानावर आलं की पुन्हा खाली आणायचा. आपल्याच तोंडातलं आपल्याला ऐकू येत नाही, म्हणून शेजाऱ्याला पहारेकरी नेमायचं. यमदूताच्या शेजारी त्याची सौ. होती. तिने एकही ‘ल्ले’ माफ केला नाही. चहा निवला, पण वेळ आली. टाळूला लागून, खणखणीत आली.

तेवढ्यात दिग्दर्शक म्हणाले, "वाक्य बदललंय रे. ‘चल, तुझी घटका भरली’ असं म्हण."

यमदूताने छाती फुगवली. "चल, तुझी घटका बरली!"

मी त्याला तळहात तोंडासमोर धरायला सांगितला. ‘भ’ला त्यावर वारा लागायला हवा. चहा पुन्हा गरम करायला गेला.