स्विंग म्हणजे उठाबशा नव्हेत

"12 किलोची एक केटलबेल घ्या, छोट्या फ्लॅटमध्ये पूर्ण जिम! रोज 300 स्विंग : खाली बसा, उठताना हातांनी बेल डोळ्यांसमोर उचला. कंबर दुखली तर समजा मजबूत होतेय. स्क्वॉट, प्रेसही त्याच वजनाने. कॅरी सोडा, घरात चालायला जागा नसते."

केटलबेल, म्हणजे वर मूठ असलेला लोखंडी गोळा, घेऊन करायच्या व्यायामाचा हा मेसेज माझ्या धाकट्या बहिणीने पाळला. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला, "ताई, बेसिनवर वाकून तोंडही धुता येत नाहीये." म्हणून लिहितेय.

आधी कंबरेचं बघू, कारण सगळ्यात घातक वाक्य तेच आहे. स्विंगनंतर मांड्यांची मागची बाजू आणि नितंब भरून आले पाहिजेत. स्टुअर्ट मॅकगिल आणि ली मार्शल या संशोधकांनी 2012 मध्ये 16 किलोच्या स्विंगची मोजमापं प्रसिद्ध केली. त्यात नितंबाचे स्नायू कमाल ताकदीच्या सुमारे 80 टक्के काम करत होते, पाठीचे सुमारे 50. शिवाय नेहमीच्या वजन उचलण्यात मणक्यांवर ज्या दिशेने सरकवणारा ताण येतो, त्याच्या उलट दिशेने तो स्विंगमध्ये येतो. काहींना तो सोसत नाही, हेही त्यांनी नोंदवलंय. मग दुखणाऱ्या कंबरेवर आणखी 300?

बहिणीचा व्हिडिओ मागवला. बेल गुडघ्यांच्या खाली जात होती, त्यामुळे पाठ गोल होत होती. वर आल्यावर बेलचा तळ जमिनीकडे लोंबत होता, म्हणजे हात ओढत होते. दुखणं थांबेपर्यंत स्विंग बंद केले. मग तिला भिंतीपासून वीतभर पुढे, भिंतीकडे पाठ करून उभं केलं. गुडघे किंचित सैल ठेवून नितंबाने भिंतीला स्पर्श करायचा, पाठ सरळ. हे जमल्यावरच बेल हातात दिली. बेल मांड्यांमधून, गुडघ्यांच्या वरूनच मागे जाते, नितंब झटक्यात पुढे येतात आणि हात दोरीसारखे नुसते धरून असतात. तेव्हा बेलचा तळ समोरच्या भिंतीकडे राहतो. 10 स्विंग, श्वास शांत होईपर्यंत थांबायचं, असे 5 वेळा. तेवढ्यावर बास. दुखणं पायात उतरलं किंवा मुंग्या आल्या, तर आधी डॉक्टर.

एका वजनाचं म्हणणं अर्धं खरं आहे, ते मान्य करते. बेल छातीशी धरून केलेल्या गॉब्लेट स्क्वॉटला तिला 12 किलो छान जमतात. बेल डोक्यावर ढकलायच्या प्रेसला मात्र ती मागे झुकत होती, बरगड्या पुढे येत होत्या. तिथे 8 किलोची बेल लागलीच.

आणि कॅरीला जागा नाही म्हणे! तिच्या हॉलच्या दारापासून बाल्कनीपर्यंत सहा पावलं आहेत. बेल एका हातात, खांदे सरळ, 30 सेकंद येरझाऱ्या, मग हात बदल. वळताना शरीर बेलच्या बाजूला कलतं, म्हणून वळण छोट्या पावलांनी घ्यायचं. थकली की बेल दोन्ही हातांनी रबरी मॅटवर टेकवते. खालच्या मजल्यावर आजी झोपलेल्या असतात.