फ्रेशरच्या रेझ्युमेत लिहायला काही नसतं, हे खरं नाही

"फ्रेशरकडे अनुभव नसतो, म्हणजे रेझ्युमेत लिहायला काही नसतं. तेव्हा वर दमदार ऑब्जेक्टिव्ह टाका, येतील तितकी स्किल्स लिहा, दोन कॉलमची छान टेम्प्लेट घ्या आणि पान गच्च भरा. एटीएस स्कोअर 90 च्या वर गेला की कॉल येणारच."

हा सल्ला मला वर्षभरात निदान दहा जणांनी पाठवला असेल. हिशेबाच्या कामासाठी नवी मुलं घेताना आलेल्या अर्जांची पहिली चाळणी मी करते, त्यामुळे तो पाळून केलेले रेझ्युमे रोज माझ्यासमोर येतात. त्यातली चांगली मुलं बाजूला पडताना पाहून फार वाईट वाटतं, म्हणून मुद्द्यागणिक लिहिते.

सगळ्यात मोठी चूक पहिल्याच वाक्यात आहे, म्हणून तिथे जरा थांबते.

नोकरी नाही याचा अर्थ काम केलेलं नाही, असा होत नाही. ज्याचा पगार मिळाला तेच काम मला हवं असतं असं नाही. एखादी गोष्ट हातात घेतली, ती कशी केली, कुठे अडली आणि शेवटी काय झालं, एवढं कळलं तरी पुष्कळ असतं. ओळखीतल्या एका मुलीचं उदाहरण देते. वाणिज्य शाखेची पदवी नुकतीच झालेली, अर्ज हिशेब सहाय्यकाच्या पदासाठी. तिच्या रेझ्युमेत एक ओळ होती: "कॉलेजच्या वार्षिक महोत्सवात सक्रिय सहभाग, टीमवर्क व नेतृत्वगुण." ही ओळ मी शेकडो वेळा वाचली आहे आणि तिच्यातून कधीच काही कळलेलं नाही.

मी विचारलं, सहभाग म्हणजे नेमकं काय केलंस? म्हणाली, "काही विशेष नाही, खर्चाचा हिशेब ठेवायचे." किती बिलं होती? साधारण 140. कुठे लिहायचीस? आधी प्रत्येक समितीची वेगळी वही असायची, तिने सहाही समित्यांची एकच एक्सेल शीट केली. तारीख, दुकान, बिल क्रमांक, रक्कम, समिती असे रकाने. समितीवार खर्च `SUMIFS` ने निघायचा. आणि शेवटी हिशेब जुळला का? इथे ती खुलली. जुळला नव्हता. पेटीतली रोकड शीटवरच्या शिलकीपेक्षा जास्त निघाली. बाकीचे म्हणाले, जास्तच आहे ना, मग सोड. तिने सोडलं नाही. पैसे वर दिसतात म्हणजे एखादा खर्च दोनदा लिहिला गेला असणार किंवा एखादी जमा लिहायची राहिली असणार, हे तिला कळत होतं. नुसते बिल क्रमांक जुळवून भागेना, कारण दोन वेगळ्या दुकानांचे क्रमांक सारखे असू शकतात. म्हणून तिने दुकान, क्रमांक आणि रक्कम या तिन्हींवर `COUNTIFS` लावलं आणि एक बिल दोनदा सापडलं. मूळ बिल सजावट समितीने दिलं होतं, त्याचीच झेरॉक्स मंच समितीने. पैसे एकदाच दिले होते, नोंद मात्र दोनदा झाली होती.

हिशेब खात्यात आमचा अर्धा दिवस याच कामात जातो. आणि हे तिने "विशेष नाही" म्हणून वगळलं होतं. मग त्या ओळीच्या जागी असं आलं:

वार्षिक महोत्सव, हिशेबाची जबाबदारी (2 महिने)
- 6 समित्यांची सुमारे 140 बिलं एका एक्सेल शीटमध्ये नोंदवली. समितीवार खर्च `SUMIFS` ने काढला.
- रोकड आणि शीट यांतला फरक शोधला: एकाच बिलाची दोनदा झालेली नोंद `COUNTIFS` ने पकडून हिशेब जुळवला.

दोनच ओळी आहेत. सुरुवातीला काय केलं ते, मग कशाने केलं, शेवटी काय निघालं. "नेतृत्वगुण" हा शब्द कुठेच नाही आणि त्याची गरजही पडली नाही.

तुमच्याकडचं सामान शोधायचं असेल तर स्वतःला असेच प्रश्न विचारा: नेमकं काय केलं, किती, कशावर, काय बिघडलं, ते मला कसं कळलं. कॉलेजचा प्रकल्प, घरच्या व्यवसायातली मदत, लहान मुलांच्या शिकवण्या, ग्रंथालयातली नोंदवही, कशालाही हे लागू पडतं. एकच पथ्य पाळा: आकडा बनवू नका. "कार्यक्षमता 30 टक्क्यांनी वाढवली" असं लिहिलंत की समोरचा विचारणारच, आधी किती होती आणि मोजली कशी? उत्तर नसेल तर त्या ओळीबरोबर बाकीच्या पानावरचाही विश्वास जातो. आकडा माहीत नसेल तर कामाचा आवाका शब्दांत सांगा. "सुमारे" म्हणायलाही हरकत नाही.

आता ऑब्जेक्टिव्ह. "नामांकित संस्थेत माझ्या कौशल्यांचा उपयोग करून संस्थेच्या व स्वतःच्या प्रगतीस हातभार लावणे." पानाच्या सगळ्यात वरच्या, सगळ्यात आधी वाचल्या जाणाऱ्या तीन ओळी यावर खर्च होतात. साधी कसोटी सांगते: हेच वाक्य शेजारच्या मित्राच्या रेझ्युमेत जसंच्या तसं चालेल का? चालत असेल तर काढून टाका. त्या जागी एक ओळ पुरते: "वाणिज्य पदवीधर, हिशेब सहाय्यक पदासाठी, एक्सेलमध्ये नोंदी व जुळवणीचा सराव." कोण आहे, कशासाठी अर्ज केलाय आणि हाताशी काय आहे, हे चाळणाऱ्याला लगेच कळतं. पद बदललं की ही ओळ बदलायची.

स्किल्सच्या लांब यादीचा तोटा मुलांच्या लक्षात येत नाही, कारण तो मुलाखतीत होतो. यादीतला प्रत्येक शब्द म्हणजे समोरच्याला दिलेलं प्रश्न विचारायचं आमंत्रण. एका मुलाने 18 स्किल्स लिहिली होती. मी त्यातलं एकच उचललं, पिव्होट टेबल, आणि शेवटचं कधी केलंस एवढंच विचारलं. त्याने एका व्हिडिओत पाहिलं होतं. पुढच्या 17 वर विश्वास ठेवणं मला जमलं नाही, आणि त्यातली दोन-तीन त्याला खरंच येत असतील, याची आजही रुखरुख वाटते. म्हणून नियम करा: यादीतलं प्रत्येक स्किल खाली एखाद्या कामात वापरलेलं दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर ते काम लिहा किंवा स्किल काढा. त्या मुलीच्या पानावर पाच उरली आणि पाचही खाली सापडत होती. चांदण्या आणि टक्क्यांच्या पट्ट्या तर नकोतच. "एक्सेल 90 टक्के" म्हणजे कशाच्या 90 टक्के, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. "एक्सेल: `SUMIFS`, `COUNTIFS`, फिल्टर" असं लिहिलं की पातळी आपोआप कळते.

टेम्प्लेट आणि स्कोअर या दोन गोष्टी एकत्र घेते, कारण त्या एकमेकींच्या विरोधात जातात आणि सल्ला देणाऱ्याला ते दिसलेलं नाही. एटीएस म्हणजे आलेले अर्ज साठवणारी आणि शोधून देणारी प्रणाली. ती फाइलमधला मजकूर बाहेर काढते, नाव, फोन, शिक्षण असे रकाने भरायचा प्रयत्न करते आणि मग निवड करणारा माणूस त्यात शब्द टाकून शोधतो. दोन कॉलमची फाइल काही प्रणाली नीट वाचतात, काही मात्र डावीकडची ओळ आणि उजवीकडची ओळ जोडून वाचतात. मजकूर टेक्स्ट बॉक्समध्ये किंवा हेडरमध्ये असेल तर तो गळूही शकतो. सगळं पान चित्र म्हणून सेव्ह झालं असेल तर आत मजकूरच नसतो.

हे घरबसल्या तपासता येतं. तुमची पीडीएफ उघडा, `Ctrl+A`, मग `Ctrl+C`, आणि नोटपॅडमध्ये `Ctrl+V`. त्या मुलीची जुनी फाइल अशी तपासली तेव्हा फोन नंबर "वाचनाची आवड" या शब्दांना चिकटून आला होता आणि पदवीचं वर्ष भाषांच्या यादीत जाऊन बसलं होतं. फोनच्या चित्राच्या जागी नुसता चौकोन. एका कॉलमच्या साध्या डॉक्युमेंटमध्ये तोच मजकूर घातला, पुन्हा तपासला, वरपासून खालपर्यंत सरळ आला. या चाचणीत मजकूर सरळ आला तर मांडणीची काळजी बहुतेक मिटली.

राहिला स्कोअर. तो देणाऱ्या प्रत्येक संकेतस्थळाचं गणित त्याचं स्वतःचं असतं. एकाच फाइलला दोन ठिकाणी दोन वेगळे आकडे मिळतात आणि नोकरी देणाऱ्याला त्यातला एकही दिसत नाही. अर्ज आपोआप बाद होतो तो बहुतेक वेळा अर्जासोबतच्या प्रश्नांमुळे: अमुक पदवी आहे का, अमुक तारखेला रुजू होता येईल का. ते प्रश्न नीट वाचून भरा. शब्दांचं महत्त्व मात्र खरं आहे. जाहिरातीत "रिकन्सिलिएशन" म्हटलं असेल आणि तुम्ही तेच काम "जुळवणी" म्हणून लिहिलं असेल, तर शोधणाऱ्याला ते सापडणार नाही. केलेलं काम असेल तर जाहिरातीतला शब्दही वापरा. पांढऱ्या अक्षरांत जाहिरातीचे शब्द लपवायची युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नका. मजकूर बाहेर काढल्यावर रंग उरत नाही, सगळं उघडं पडतं.

पान गच्च भरण्याबद्दल थोडंच. अक्षर साधारण 10.5 ते 11 पॉइंट, कडेला दीड-दोन सेंटिमीटर मोकळी जागा. नाव आणि संपर्क, वरची ती एक ओळ, शिक्षण, केलेली कामं, स्किल्स, हा क्रम फ्रेशरला सोयीचा, कारण शिक्षण हीच त्याची सगळ्यात ताजी गोष्ट असते. काम दमदार असेल तर ते शिक्षणाच्या वर न्या. पूर्ण पत्ता, वैवाहिक स्थिती, "मागितल्यास संदर्भ देऊ" हे काढा. फोटो जाहिरातीत मागितला असेल तरच लावा. एवढं करून पानाचा खालचा भाग कोरा राहिला तर राहू द्या. त्या मुलीचं पान पाऊणच भरलं होतं. तिला ते रिकामं वाटत होतं आणि छंद घालू का म्हणून तिने दोनदा विचारलं. मी नको म्हटलं, त्याऐवजी फाइलचं नाव बदलायला सांगितलं. ते `resume_final_new2.pdf` होतं, आणि त्याच नावाच्या चार फाइली त्या आठवड्यात माझ्याकडे आधीच आलेल्या होत्या.