कवटी टाकून हसणाऱ्यांनो, आधी ग्रुपमध्ये कोण कोण आहे ते बघा

रविवारी सकाळी अकराला सांगलीहून आत्याचा फोन. उचलला तर पलीकडून नुसते हुंदके. "अगं, दादाला काय झालं? मला कुणी कळवलं कसं नाही?" मी आबांकडे बघितलं. आबा समोर बसून पोहे खात होते.

झालं होतं ते असं. आबा सकाळी देवळात गेले आणि येताना उजव्या पायात स्वतःची आणि डाव्या पायात कुणाची तरी चप्पल घालून आले. दोन्ही तपकिरी, दोन्ही बाटाच्या, एकाच आकाराच्या, त्यांना पत्ताच नाही. अर्ध्या तासाने दुसरे एक आजोबा दारात हजर, पायात नेमकी उलटी जोडी. मग आधी चप्पल कुणी बदलली यावरून दोघांचं उंबऱ्यातच जुंपलं. मी हसून हसून बेजार झाले आणि ही गंमत घरच्या ग्रुपवर लिहिली. माझ्या मेसेजची सुरुवात होती, "आज सकाळी आबा गेले देवळात आणि..."

माझी भाची पुण्याला कॉलेजात आहे, एकोणीस वर्षांची. तिने त्या मेसेजला उत्तर दिलं. एकच कवटी. 💀. खाली एक अक्षर नाही.

आता आत्याच्या फोनवर काय दिसलं ते ऐका. तिला नीट दिसत नाही म्हणून आम्हीच तिच्या फोनचं अक्षर सगळ्यात मोठं करून दिलंय. तिने ग्रुप उघडला तेव्हा शेवटचं तेच आधी समोर आलं. मूळ मेसेज वर राहिला. उत्तराच्या डोक्यावर त्याचा जो तुकडा दिसतो, त्यातली पहिली ओळ एवढीच: "आज सकाळी आबा गेले". आणि खाली कवटी. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईने यातून दुसरं काय समजायचं, सांगा ना! तिचा एकुलता एक भाऊ आहे तो. बॅग भरायला काढली होती तिने.

आबांना फोनवर दिलं, ते बोलले, तेव्हा कुठे ती शांत झाली. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. भाचीला फोन लावला. ती म्हणाली, "मावशी, अगं मी हसले होते!" हसली होतीस तर मग 😂 टाकायचा ना. त्यावर जे उत्तर आलं ते मला अजून सलतंय. "शी, तो कोण वापरतं आता? तो तुम्ही लोक वापरता."

तुम्ही लोक!

आम्ही लोक म्हणजे कोण? आणि तो "शी" कशाबद्दल? डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारा एक चेहरा. त्याने तुमचं काय घोडं मारलंय? 2015 मध्ये ऑक्सफर्डच्या कोशवाल्यांनी वर्षाचा शब्द म्हणून शब्द निवडलाच नाही, हा चेहरा निवडला. तेव्हा सगळं जग तेच टाकत होतं, तुमचे मोठे भाऊ-बहीणसुद्धा. आणि कवटी काही नवीन निघालेली नाही. हे दोन्ही जपानी मोबाइल कंपन्यांच्या जुन्या चित्रांमधून आले आणि 2010 मध्ये एकाच दिवशी, जगभरच्या फोनमधली अक्षरं आणि चित्रं ठरवणाऱ्या युनिकोडच्या एकाच आवृत्तीत दाखल झाले. एकाच वयाची दोन चित्रं आहेत ती. त्यातलं एक म्हातारं आणि एक तरुण कसं काय ठरलं?

कसं ठरलं ते मला कळतं, आणि म्हणूनच जास्त राग येतो. 😂 चा चुराडा वापरून वापरून झाला. त्या ऑक्सफर्डच्या निवडीच्या वेळचीच आकडेवारी आहे: ब्रिटनमध्ये वापरलेल्या एकूण इमोजींमध्ये 2014 साली याचा वाटा 4 टक्के होता, तो पुढच्याच वर्षी 20 टक्के झाला. दर पाच इमोजींमागे एक! माणसं काय एका वर्षात पाचपट हसायला लागली? नाही. लोक न हसताच तो टाकायला लागले. कुणाचा फालतू फॉरवर्ड आला, टाका 😂. उत्तर सुचेना, टाका 😂. हसणं मागे राहिलं आणि "पाहिलं हो" एवढाच त्याचा अर्थ उरला. मग खरंच हसू फुटलेल्या माणसाने काय करायचं? एकाचे तीन केले, तीनाचे सात केले. 2016 मध्ये जमिनीवर लोळणारा 🤣 आला, तोही वर्षभरात तसाच झिजला. तेव्हा पोरांनी पार टोक गाठलं: मेलोच.

आमच्या ऑफिसात एक बाई आहेत. त्यांनी या चेहऱ्याचा जो छळ केलाय त्याला तोड नाही. "आज पुन्हा उशीर का 😂". "तुमचं काम कालच हवं होतं 😂". टोमणा मारायचा आणि खाली हसरा चेहरा चिकटवायचा, म्हणजे समोरच्याने चिडायचंही नाही. राजकारणाच्या कुठल्याही पोस्टखाली जाऊन बघा, दुसऱ्याला हिणवायला पाच-पाच 😂 ओळीने उभे असतात. पोरांना या चेहऱ्याची शिसारी आली असेल तर त्यात या मंडळींचा मोठा हात आहे. तेवढं मी भाचीच्या बाजूने कबूल करते.

पण पोरांचं पुढचं वागणं मला मान्य नाही. 2021 च्या सुरुवातीला टिकटॉकवर अमेरिकेतल्या पोरांनी जाहीर करून टाकलं की 😂 टाकणारा म्हातारा. त्यांच्या इंग्रजीत खूप हसू आलं की "आय अ‍ॅम डेड" म्हणतात, म्हणून कवटी. आपल्याकडे टिकटॉक तर त्याआधीच, 2020 मध्ये बंद झालं होतं, तरी नियम मात्र आमच्या घरापर्यंत पोचला. बरं, मराठीत हे नाही का? "हसून हसून मेले" आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणतोय. माझी आजी म्हणायची, "मेले गं बाई, पुरे कर आता." पण ते म्हणताना ती पोट धरून खिदळत असायची, समोरच्याला तिचा चेहरा दिसायचा. "मेले" म्हणणारी बाई जिवंत आहे हे ऐकणाऱ्याला दिसतं, म्हणून ते विनोदी असतं. फोनवर ते हसणं गळून जातं आणि नुसती कवटी उरते. आणि कवटी आपल्याकडे कुठे बघतो आपण? विजेच्या डीपीवर. फवारणीच्या औषधाच्या डब्यावर. आत्याचं सगळं आयुष्य शेतीच्या घरात गेलंय, कवटी दिसली की पोरांना मागे ओढायचं, एवढंच तिला ठाऊक.

शिवाय ही कवटी दरवेळी हसतेच असंही नाही. महिन्याभरापूर्वी याच भाचीने लिहिलं होतं, "उद्या अकाउंट्सचा पेपर 💀". मी वेडी, खाली 😂 टाकला. तर बाईसाहेब दोन दिवस रुसल्या, कारण तिथे कवटी म्हणजे "मी संपले" होतं. मग ओळखायचं कसं? खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं: दुसऱ्याच्या गमतीला उत्तर म्हणून नुसती कवटी आली तर हसू, स्वतःच्याच संकटाच्या वाक्यामागे आली तर रडगाणं. आणि मोठ्याने रडणारा 😭 आहे ना, तोही हल्ली हसण्यासाठीच! 2021 मध्ये ट्विटरवर त्याने 😂 ला मागे टाकलं. म्हणजे हसायला रडका चेहरा, हसायला कवटी, आणि हसरा चेहरा टाकला की तुम्ही लोक. हे आम्हाला कुणी, कधी सांगितलं होतं?

यांचे बाकीचे नियम तरी कुठे सांगतात? वाक्याच्या शेवटी पूर्णविराम दिला की "मावशी चिडलीस का?" अंगठा दाखवला की म्हणे तुटक वाटतं. साधा हसरा 🙂 टाकला तर म्हणे खवचट. न विचारता फोन केला की दचकतात. अरे, फोन वाजण्यासाठीच असतो! पूर्णविराम द्यायला मला शाळेत बाईंनी पट्टी मारून शिकवलंय, तो मी का सोडू?

आणखी एक. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज दाबून धरला की जे सहा चेहरे पहिले समोर येतात, 2022 मध्ये ती सोय आली तेव्हापासून त्यात 😂 आहे. अंगठा, बदाम, 😂, चकित, रडका, नमस्कार. कवटी हवी तर शेजारच्या अधिकच्या खुणेवर जाऊन ती शोधावी लागते. आमच्या वयाची माणसं समोर आलेलं दाबतात, संपला विषय. त्यात म्हातारपण कसलं? आणि जगाचा हिशेब बघायचा तर 2021 च्या शेवटी युनिकोडवाल्यांनीच यादी काढली, तेव्हा 😂 पहिल्या नंबरवर होता, एकूण वापराच्या 5 टक्क्यांहून जास्त. म्हणजे तुमच्या कॉलेजच्या कट्ट्यावर तो मेलाय. जगात तो धडधाकट आहे.

मित्रमंडळींच्या ग्रुपवर हव्या तेवढ्या कवट्या टाका, स्मशान करा त्याचं, मला काही देणंघेणं नाही. पण ज्या ग्रुपमध्ये सत्तरीच्या पुढची चार माणसं आहेत, ज्यातल्या दोघांच्या छातीत स्टेंट आहे, तिथे आबांच्या नावाखाली कवटी टाकायची नाही म्हणजे नाही. मी भाचीला स्पष्ट सांगितलं: आत्याआजीला तू स्वतः फोन कर, आत्ताच्या आत्ता.

तिने केला. मी कॉन्फरन्सवर ऐकत होते. आधी म्हणाली, "आत्याआजी, सॉरी, ते हसण्याचं चित्र असतं हल्ली." आत्या बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "हसलीस ना बाळा? मग हसले असं लिही की. मला वाचता येतं."

भाची गप्प झाली. संध्याकाळी ग्रुपवर त्याच चपलेच्या मेसेजखाली तिचं नवं उत्तर आलं, अक्षरांत: "आजोबा, हसून हसून मेले." आत्याने त्यावर 😂 टाकला.